फोटोतला प्राणी : बेडूक की भेक?

येवल्याच्या एका शाळेतील शिक्षकमित्राने पावसाळ्यात आमच्याकडे चार फोटो पाठवले. गावाच्या जैवविविधता नोंदवहीसाठी त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते मोबाइलवर काढले होते. प्रत्येक फोटोखाली मुलांनी ठिकाण, वेळ आणि आपला निर्णय लिहिला होता. पहिला फोटो पैठणी विणण्याच्या मागाच्या खड्ड्यात बसलेल्या प्राण्याचा, निर्णय : भेक. दुसरा पहिल्या मोठ्या पावसानंतर शेताच्या बांधावरचा, निर्णय : भेक. तिसरा विहिरीच्या पायरीवरचा, निर्णय : भेक. चौथा ममदापूरच्या बाजूला रस्त्यावरच्या दिव्याखाली रात्री काढलेला, निर्णय : बेडूक. मुलांनी कारणेही दिली होती. पहिल्या तिघांची कातडी खडबडीत होती. पहिल्या दोघांचे मागचे पाय आखूड होते. चौथ्याची कातडी त्यामानाने गुळगुळीत दिसत होती.

कारणे पुस्तकातल्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर होती, पण चारांपैकी एकच निर्णय बरोबर निघाला. मुलांनी आळस केला असता तर त्यांना दोष देता आला असता. त्यांनी मात्र नियम काटेकोरपणे लावला होता. म्हणून आम्हाला वाटले, की इथे मुलांपेक्षा नियमाचीच तपासणी करावी.

आधी नावांचा घोळ मिटवू. मराठी बोलण्यात आपण या सगळ्यांना बेडूकच म्हणतो. ‘भेक’ हा शब्द पुस्तकांतला. इंग्रजीत ‘फ्रॉग’ आणि ‘टोड’ असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यांतल्या दुसऱ्यासाठी मराठी ग्रंथांनी ‘भेक’ घेतला. इंग्रजीत दोन शब्द रूढ झाले त्यामागचे कारण समजायला सोपे आहे. इंग्लंडमधल्या माणसाला घराभोवती नेहमी दिसणारे प्राणी दोनच. एक ओलसर, गुळगुळीत, लांब पायांचा आणि लांब उड्या मारणारा. दुसरा कोरडा, गाठीगाठींचा, आखूड पायांचा आणि सरपटल्यासारखा चालणारा. त्या दोघांपुरता नियम उत्तम चालतो. तोच नियम पाठ्यपुस्तकांमधून जगभर गेला आणि आपल्याकडेही जसाच्या तसा आला.

शास्त्रज्ञांच्या दृष्टीने हे दोन समान गट नाहीतच. लिनियसने 1758 साली बेडूक आणि भेक या सगळ्यांना ‘राना’ या एकाच प्रजातीत घातले होते. आज बेडकांची पन्नासाहून अधिक कुळे मानतात आणि त्यांतले ‘ब्युफोनिडी’ हे एक कूळ म्हणजे खरे भेक. म्हणजे प्रत्येक भेक हा बेडूकच असतो. प्रत्येक बेडूक मात्र भेक नसतो. फोटो पाहताना ‘बेडूक की भेक’ असे आपण विचारतो, तेव्हा खरा प्रश्न असतो : हा प्राणी ब्युफोनिडी कुळातला आहे की दुसऱ्या कोणत्या?

हा प्रश्न नीट मांडला की अडचण कुठे आहे ते दिसू लागते. कातडीचा पोत आणि पायांची लांबी ही कुळापेक्षा राहणीची लक्षणे आहेत. जमिनीत खणून राहायचे, कोरड्यात दिवस काढायचे, उड्या मारण्याऐवजी मातीत शिरायचे, अशी राहणी असेल तर कोणत्याही कुळातल्या प्राण्याचे पाय आखूड आणि शरीर गोलमटोल होत जाते. आता येवला पाहा. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पूर्वेकडे येवल्याला येईपर्यंत तो साधारण पाचशेवर उतरतो. पाऊस चार महिने, तोही खंड पडत; उरलेले आठ महिने कोरडे. अशा मुलखात तग धरणारे बेडूक बरेचसे जमिनीत शिरून राहणारेच असणार. म्हणजे इंग्लंडच्या नियमाला फसवणारे प्राणी इथे जास्त. गंमत अशी, की येवल्याच्या मुलांनी नियम जितका प्रामाणिकपणे लावावा, तितके त्यांनी अधिक चुकावे, अशीच तिथली परिस्थिती आहे.

मग उरते तिसरे लक्षण, डोळ्यामागच्या ग्रंथी. मुलांनी दिलेल्या कारणांत नेमके याचेच नाव नव्हते.

भेकाच्या दोन्ही डोळ्यांच्या मागे, कानाच्या गोल पडद्याच्या वर आणि थोडा मागे, खांद्याच्या दिशेने जाणारा एकेक फुगवटा असतो. ही पॅरोटॉइड ग्रंथी. आपल्याकडच्या सामान्य भेकात तिचा आकार वालाच्या किंवा घेवड्याच्या दाण्यासारखा असतो आणि लांबी डोळ्याच्या व्यासाहून जास्त भरते. नावावरून गोंधळ होऊ देऊ नये. माणसाच्या कानापुढे असणारी, गालगुंडात सुजणारी जी पॅरॉटिड ग्रंथी, ती लाळेची. भेकाची पॅरोटॉइड ग्रंथी कातडीतली आहे आणि तिच्यात लाळ नसून विष असते. कातडीतल्या विषग्रंथी सगळ्याच बेडकांना कमीअधिक असतात, पण त्या सर्वांगावर विखुरलेल्या. भेकात त्या पाठीवर तर असतातच, शिवाय डोळ्यामागे दाटीने एकत्र येऊन त्यांचा एक मोठा पुंजका झालेला असतो. म्हणूनच जवळून पाहिले तर या फुगवट्यावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसतात. प्रत्येक छिद्र म्हणजे आतल्या एका पिशवीचे तोंड.

भेक हे विष कुणाच्या अंगावर उडवत नाही. कुत्र्याने त्याला तोंडात धरून दाबले, तर दुधासारखा पांढरा चिकट द्रव छिद्रांतून बाहेर येतो आणि कुत्रे लाळ गाळत त्याला टाकून देते. या द्रवातली काही द्रव्ये हृदयाच्या स्नायूपेशींतील सोडियम आणि पोटॅशियमची ने-आण अडवतात. म्हणून ती पोटात गेली तर धोका खरा आहे. जगात अनेक ठिकाणी खाण्याचा बेडूक समजून भेक खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. भेकाला हात लावल्याने चामखीळ येते ही मात्र निव्वळ समजूत. चामखीळ विषाणूंमुळे येते, आणि ते विषाणू भेकाकडून येत नाहीत. हात लागला तर साबणाने धुवावा आणि तोपर्यंत डोळे चोळू नयेत, एवढी काळजी पुरते.

हे लक्षण इतर दोघांहून भरवशाचे का? पाय आखूड होणे ही कोरड्या मुलखातल्या कोणत्याही बेडकाला उपयोगी पडणारी गोष्ट आहे, म्हणून ती निरनिराळ्या कुळांत स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा घडली. वटवाघळाला आणि पाखराला पंख आहेत म्हणून ते सोयरे होत नाहीत, तसेच हे. डोळ्यामागे विषाचा असा मोठा साठा मात्र आपल्या भागात भेकांच्या कुळाबाहेर कोणत्याही बेडकाला नाही. ‘आपल्या भागात’ हे शब्द आम्ही मुद्दाम घातले आहेत. दक्षिण अमेरिकेत ब्युफोनिडी कुळातलेच ‘अ‍ॅटेलोपस’ या प्रजातीचे प्राणी आहेत, त्यांना या ग्रंथी नसतात. आणि ऑस्ट्रेलियात अगदी वेगळ्या कुळातल्या काही लहान बेडकांना त्या असतात. तेव्हा येवल्यासाठी केलेला नियमही येवल्याभोवतीच वापरावा. इंग्लंडच्या नियमाची जी गत झाली ती याचीही व्हायला वेळ लागणार नाही.

आता फोटोंकडे वळू.

पहिल्या फोटोत काही अडचण नव्हती. मागाच्या खड्ड्यात गारवा असतो, दिव्याभोवतीचे किडे खाली पडतात, तेव्हा भेकाला ती जागा आवडावी यात नवल नाही. फोटो वरून आणि थोडा बाजूने घेतलेला होता. डोळ्यामागचे दोन्ही दाणे स्वच्छ दिसत होते. शिवाय डोक्यावर काळे कंगोरे होते : ओठाच्या कडेने, डोळ्याभोवती आणि डोळ्यावरून मागे गेलेले, जणू काजळाने रेखलेले. पाठीवरच्या गाठींची टोकेही काळी. हा आपला सामान्य भेक. जुन्या पुस्तकांत याला ‘ब्युफो मेलॅनोस्टिक्टस’ म्हटलेले असते. श्नायडर या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने 1799 साली त्याचे वर्णन केले आणि नावातल्या ‘मेलॅनोस्टिक्टस’चा अर्थ काळ्या ठिपक्यांचा असा आहे. 2006 साली त्याला नव्या प्रजातीत हलवले आणि सुशील कुमार दत्ता या भारतीय शास्त्रज्ञांच्या सन्मानार्थ त्या प्रजातीचे नाव ‘दत्ताफ्रायनस’ ठेवले. वर्गात जुने नाव वाचणाऱ्या मुलांना हे सांगायला हरकत नाही. प्राणी तोच आहे.

दुसऱ्या फोटोवर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवला. बांधावरचा हा प्राणी गोलमटोल होता, तोंड आखूड आणि बोथट, पाठीवर बारीक उंचवटे आणि लहान लहान वळ्या, रंग मातीचा. कुणालाही भेक वाटेल असाच. मुलांनी पाय मोजले नव्हते, नुसते पाहिले होते. आम्ही फोटो कागदावर मोठा छापून घेतला आणि मोजपट्टी लावली. मोजपट्टी लावायला प्राण्याची खरी लांबी माहीत असण्याची गरज नाही, कारण आपल्याला फक्त प्रमाण हवे असते. तुंडाच्या टोकापासून धडाच्या शेवटापर्यंतचे अंतर कागदावर 62 मिलिमीटर भरले. मागच्या पायाची नडगी, म्हणजे गुडघ्यापासून टाचेपर्यंतचा भाग, 24 मिलिमीटर भरला. 24 भागिले 62 म्हणजे सुमारे 0.39. लांब उड्या मारणाऱ्या बेडकात, उदाहरणार्थ पावसाळ्यात पिवळाधमक होणाऱ्या मोठ्या सोनबेडकात, नडगी धडाच्या सुमारे निम्मी असते. भेकात ती निम्म्याहून स्पष्टपणे कमी असते. म्हणजे मोजूनही उत्तर ‘भेक’ असेच येत होते.

मग डोळ्यामागे पाहिले. तिथे एक उंचवटा होता, आणि मुलांनी ग्रंथी पाहिली असती तरी इथे ती फसली असती अशी आमची खात्री आहे. डोळ्याच्या मागच्या कोपऱ्यातून एक रेघ निघून कानाच्या पडद्यावरून वळत खांद्याकडे उतरत होती. ही ग्रंथी नव्हे, ही कातडीची घडी. ती पुष्कळ बेडकांना असते. घडी आणि ग्रंथी ओळखण्यासाठी आम्ही एक प्रश्न विचारतो : या उंचवट्याला दुसरा काठ आहे का? घडी म्हणजे धोतराची चुणी. तिला लांबी असते, रुंदी नसते. फोटोत तिची एक उजळ रेघ आणि तिच्या खाली सावलीची एक रेघ दिसते, आणि वरच्या बाजूला कातडी काही न घडल्यासारखी पाठीत मिसळून जाते. ग्रंथी म्हणजे पोळपाटावर ठेवलेला वालाचा दाणा. तिला चारी बाजूंनी काठ असतो, वरचा भाग उजळ दिसतो आणि सावली तिच्या भोवती फिरते. वरच्या काठावर बोट ठेवून, म्हणजे फोटोतच, ते पूर्ण फिरवून परत निघालेल्या जागी आणता आले तर ग्रंथी. बोट खांद्यापाशी जाऊन संपले तर घडी.

दुसऱ्या फोटोत बोट खांद्यापाशी संपले. दुसऱ्या डोळ्यामागेही तेच. छिद्रे कुठेच नव्हती. म्हणजे हा भेक नव्हे. हा ‘स्फेरोथेका’ प्रजातीतला, माती खणणारा बेडूक. याच्या मागच्या पावलाच्या आतल्या कडेला, टाचेकडे, फावड्यासारखा एक टणक उंचवटा असतो. हा बेडूक पुढे तोंड करून बसतो आणि मागच्या पायांनी माती बाजूला सारत पाठमोरा जमिनीत उतरत जातो; पाहता पाहता फक्त डोळे उरतात आणि मग तेही जातात. फावडे चालवायला लांब नडगी अडचणीची, आखूड आणि जाड नडगी सोयीची. त्याच्या आखूड पायांचा अर्थ एवढाच आहे. त्याचे भेकाशी नाते त्यातून सिद्ध होत नाही.

फावड्यावरूनच का ओळखू नये, असे कुणी विचारील. एक तर बसलेल्या प्राण्याच्या फोटोत पावलाची आतली कड क्वचितच दिसते. दुसरे म्हणजे भेकालाही त्या जागी लहान उंचवटे असतात, आणि भेकही खणतो. धूसर फोटोत मोठे फावडे आणि लहान उंचवटा यांत फरक करणे सोपे नाही. दिसले तर दुजोरा म्हणून घ्यावे.

इथे प्रश्न नावापुरता नाही. हा बेडूक पहिल्या पावसाच्या थोड्या रात्री वर येतो, पाण्याच्या डबक्यात अंडी घालतो आणि पुन्हा जमिनीत जातो. त्या रात्री कुणी फोटो काढला आणि खाली ‘भेक’ लिहिले, तर नोंदवहीच्या हिशेबी तो बेडूक गावात नाहीच. भेक तर वर्षभर दिसतो, त्याच्या यादीत एक भर पडून कुणाला काही कळत नाही. बांध फोडताना, माळ सपाट करताना उद्या कुणी नोंदवही उघडली, तर तिथे हरवण्यासारखे काही होते हेच त्यात दिसणार नाही.

फोटोवरून याहून पुढे मात्र जाऊ नये. पश्चिम भारतातल्या याच प्रजातीच्या एका बेडकाला 2017 साली पुण्याच्या संशोधकांनी ‘पश्चिमा’ असे नवे जातिनाव दिले. पुढे 2021 साली दुसऱ्या संशोधकांनी तो नेपाळातून आधी वर्णन केलेल्या जातीचाच असल्याचे मांडले. हा वाद मोजमापे आणि जनुके यांवर चालतो. मोबाइलच्या फोटोखाली ‘स्फेरोथेका, माती खणणारा बेडूक’ एवढे लिहिले की पुरे.

तिसरा फोटो विहिरीतला. पाठीवर ठळक उंचवटे होते, म्हणून मुलांनी भेक लिहिले. हा पाण्यात राहणारा ‘युफ्लिक्टिस’, दगड मारला की पाण्याच्या पृष्ठभागावरून टपटप उड्या घेत पळणारा तो सगळ्यांच्या ओळखीचा बेडूक. ‘बेडकाची कातडी गुळगुळीत’ हे वाक्य त्याने वाचलेले नाही. विहिरीत, टाक्यात, डबक्यात असणाऱ्या या बेडकाच्या पाठीवर बारीक गाठी नेहमी असतात. डोळ्यामागे दाणा नाही, मागचे पाय भक्कम, आणि मागच्या बोटांमध्ये टोकांपर्यंत पोहोचणारा पडदा. भेकाला पडदा असतो, पण अपुरा.

कातडीविषयी इथे थोडे थांबायला हवे, कारण फोटोत सर्वांत जास्त लबाडी तीच करते. ओल्या कातडीवर फ्लॅश पडला की पांढरे डाग चमकतात, त्यात गाठी बुडून जातात आणि भेकही गुळगुळीत दिसतो. उलट, सकाळच्या तिरप्या उन्हात कोरड्या बेडकाच्या पाठीवरची प्रत्येक वळी सावली टाकते आणि तो भेकासारखा दिसतो. पाठीवर माती चिकटलेली असेल तर विचारायलाच नको. म्हणून पोताविषयी काही म्हणायचेच असेल, तर ‘खडबडीत’ एवढे म्हणू नये. गाठी कशा आहेत ते लिहावे. सामान्य भेकाच्या गाठी सुट्या, गोल, एकमेकींहून लहानमोठ्या आणि टोकाला काळ्या काट्याच्या असतात. खणणाऱ्या बेडकात त्या बारीक असतात, मध्ये लांबट वळ्या असतात आणि टोके काळी नसतात.

चौथ्या फोटोत हीच लबाडी उलट्या बाजूने घडली होती. पाऊस नुकताच थांबलेला, प्राणी ओला, फ्लॅश समोरून. कातडी तुकतुकीत दिसत होती, डोक्यावर काळे कंगोरे नव्हते. मुलांनी पहिल्या फोटोशी ताडून पाहिले आणि हा त्याच्यासारखा नाही म्हणून बेडूक लिहिले. त्यांचे हे ताडून पाहणे आम्हाला आवडले, फक्त ताडायला घेतलेली गोष्ट चुकली. कंगोरे हे सामान्य भेकाचे लक्षण आहे, सगळ्या भेकांचे नाही. महाराष्ट्राच्या कोरड्या भागात आणखी एक भेक आढळतो, संगमरवरासारख्या धब्ब्यांचा. त्याच्या डोक्यावर कंगोरे नसतात, पाठीच्या गाठी लहान आणि बोथट असतात, आणि ग्रंथीही चपटी असते. फोटोत डोळ्यामागे काहीतरी रुंद आणि फिकट होते, पण समोरच्या प्रकाशाने सावल्या पुसून टाकल्यामुळे काठ दिसत नव्हता. आम्ही मित्राला कळवले : या फोटोवर निर्णय देता येणार नाही, त्याच जागचा दुसरा हवा.

दोन रात्रींनी त्यांनी दुसरा पाठवला. त्याच दिव्याखालचा, त्याच धब्ब्यांचा प्राणी. धब्ब्यांची मांडणी प्रत्येक प्राण्याची निराळी असते, म्हणून तोच असल्याचे ताडता आले. या वेळी मुलांनी फ्लॅश बंद ठेवला होता आणि एकाने हातातली विजेरी बाजूने, जमिनीलगत धरली होती. तिरप्या प्रकाशात चपट्या ग्रंथीचा पूर्ण काठ उठून दिसला. बोट फिरून परत आले. भेक.

ही बाजूची विजेरी कोणत्याही महागड्या कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडते. प्राण्यापासून हातभर अंतरावर बसावे, मोबाइल त्याच्या डोळ्याच्या उंचीहून थोडा वर धरावा आणि बाजूने, डोळा, कानाचा पडदा आणि खांदा एकाच फोटोत येतील असा फोटो घ्यावा. दुसरा सरळ वरून घ्यावा. नडगी मोजायची तर हाच कामाचा. समोरून घेतलेल्या फोटोत धड आक्रसते आणि नडगीचे प्रमाण खोटेच वाढते. दुसऱ्या फोटोतला बेडूक आम्ही समोरून काढलेल्या फोटोत मोजला असता, तर 0.39 ऐवजी 0.5 च्याही पुढचा आकडा आला असता आणि आम्ही चुकीच्या कारणाने बरोबर उत्तरावर पोहोचलो असतो. विद्यार्थ्यांना हे करून पाहता येईल : एकाच प्राण्याचे दोन कोनांतून फोटो काढून दोन्हीकडे प्रमाण काढायचे. प्राण्याला पकडून पाय ताणण्याची काहीच गरज नाही.

जवळपास डबके असेल तर त्याचाही एक फोटो घ्यावा. भेकाची अंडी जिलेटिनच्या लांब दोऱ्यांत ओवलेली असतात, काळ्या मण्यांच्या पोतीसारखी, आणि ते दोरे पाण्यातल्या गवताला गुंडाळलेले दिसतात. इतर बेडकांची अंडी दोऱ्यात नसतात. ती पुंजक्यांत, सुटी किंवा पाण्यावर पातळ थरात तरंगताना आढळतात. अंड्यांवरून समोरच्याच प्राण्याबद्दल काही सिद्ध होत नाही, पण त्या डबक्यावर भेक येऊन गेला एवढे कळते.

आम्ही हे सगळे लिहून पाठवल्यावर मुलांनी पाचवा फोटो पाठवला. ऑगस्टमधला, तळ्याच्या काठच्या चिखलातला. नखाएवढे काळे पिल्लू, शेपूट नुकतीच गळालेली. रंगरूपावरून भेकाचे वाटत होते आणि त्या आठवड्यात तिथे तशी शेकडो पिल्ले फिरत होती. पण भेकाच्या इतक्या लहान पिल्लात ग्रंथी अजून उठून आलेल्या नसतात. त्या पुढे, पिल्लू वाढू लागले की दिसतात. ग्रंथी दिसत नाही यावरून तो बेडूक ठरत नाही, आणि काळेपणावरून भेक ठरवावा तर आपण पुन्हा कातडीवरच आलो. मुलांनी नोंदवहीत तारीख आणि जागा लिहून पुढे लिहिले : ‘ठरले नाही. डोळ्यामागे अजून काही नाही. महिन्याने पुन्हा पाहणे.’